गाभा ५०, अनुमान ५६, तपशील ७५: मग कच्चं नेमकं काय?

तीन मॉक टेस्ट, १२० प्रश्न, ७७ बरोबर. आयईएलटीएसच्या ॲकॅडमिक रीडिंगची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा हिशेब. तो मांडणीसाठी मी जुळवलेला आहे, पण क्लासमध्ये ज्यांनी असे कागद तपासले आहेत त्यांना तो अनोळखी वाटणार नाही. एका पेपरात ४० प्रश्न, तीन उतारे, मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द आणि वेळ ६० मिनिटं. २३ बरोबर आले की सहाचा बँड, ३० आले की सातचा. आपली विद्यार्थिनी सरासरी २५-२६ वर आहे, म्हणजे सहाच्या थोडी वर. तिला सात हवाय. निकालाच्या कागदावर रीडिंगचा एकच बँड छापून येतो आणि कुठे चुकलं ते त्यावरून काही कळत नाही. म्हणून क्लासमधल्या सरांनी मॉक टेस्टचे प्रश्न तीन ढिगांत वेगळे काढले.

| प्रश्नाचा प्रकार | एकूण | बरोबर | टक्के |
|---|---|---|---|
| गाभा (परिच्छेदाला मथळा जुळवा) | २४ | १२ | ५० |
| तपशील (गाळलेला शब्द, तक्ता, लहान उत्तर) | ६० | ४५ | ७५ |
| अनुमान (बरोबर, चूक की दिलेलं नाही) | ३६ | २० | ५६ |

तक्ता पाहिला की निदान तोंडावरच येतं: गाभा कच्चा, मथळ्यांचा सराव द्या. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपतं आणि पुढचा महिनाभर मुलगी मथळे जुळवत बसते. निदान कदाचित खरंही असेल, पण या तक्त्यावरून ते सिद्ध होत नाही. याच आकड्यांकडे जरा वेगळ्या बाजूने पाहिलं तर उत्तर उलटतं आणि आणखी एका बाजूने पाहिलं तर पुन्हा पालटतं.

आधी हे तीन प्रकार एका छोट्या उताऱ्यावर पाहू.

‘महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. अनेक माशांचा हा विणीचा काळ. शिवाय खवळलेल्या समुद्रात होडी घालणं जिवावर बेतू शकतं. या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांची डागडुजी होते, फाटलेली जाळी दुरुस्त केली जातात.’

‘बंदी कोणत्या तारखेला संपते?’ हा तपशील. डोळ्यांनी ओळ शोधायची आणि उत्तर उचलायचं. ‘या परिच्छेदाला मथळा निवडा’ हा गाभा. समोर तीन मथळे आहेत असं धरू: ‘बंदी कशासाठी आणि तेव्हा किनाऱ्यावर काय चालतं’, ‘माशांच्या विणीचा काळ’, ‘खवळलेल्या समुद्रातले धोके’. दुसरा आणि तिसरा मथळा उताऱ्यातलेच शब्द घेऊन बनवलेला आहे. दोन्ही खरे आहेत, पण दोन्हींत उताऱ्याचा एक तुकडाच मावतो. मथळ्यांच्या प्रश्नातले फसवे पर्याय असेच रचतात.

अनुमानासाठी तीन विधानं घेऊ. ‘बंदीमागे माणसांच्या सुरक्षिततेचाही विचार आहे’ हे बरोबर, कारण या शब्दांत लिहिलेलं नसलं तरी तिसऱ्या वाक्यातून ते निघतं. ‘जुलैत कोळीवाड्यात काही काम नसतं’ हे चूक, कारण डागडुजीचं वाक्य त्याच्या आड येतं. ‘या दोन महिन्यांत मासळी महागते’ याचं उत्तर मात्र ‘दिलेलं नाही’. मुंबई-रत्नागिरीकडचा वाचक इथे हमखास अडकतो. पावसाळ्यात पापलेटचा भाव काय होतो हे त्याला घरी कळतं, त्यामुळे ‘बरोबर’ लिहून मोकळा होतो. पण प्रश्न बाजाराबद्दलचा नाही, उताऱ्याबद्दलचा आहे आणि उतारा भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. हा तिसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता तक्त्याकडे वळू. पहिली अडचण अंदाजपंचेची. गाळलेला शब्द लिहायचा असेल तर डोळे मिटून उत्तर बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. सहा परिच्छेदांना आठ मथळे दिले असतील तर एखादा मथळा नशिबाने बरोबर बसण्याची शक्यता साधारण आठात एक. ‘बरोबर, चूक, दिलेलं नाही’ मध्ये मात्र ती तिनात एक. म्हणजे ज्याला काही येत नाही अशा मुलालाही ३६ पैकी १२ गुण मिळून जातील. हे ५६ टक्के आणि ते ५० टक्के एकाच पट्टीने मोजलेले नाहीत.

यावर जुना हिशेबी उपाय आहे. चुकलेल्या उत्तरांची संख्या घ्यायची, पर्यायांच्या संख्येतून एक वजा करून तिने भागायची आणि येईल ते बरोबर उत्तरांतून कमी करायचं. अनुमानात चुका १६, पर्याय तीन. १६ भागिले २ म्हणजे ८. वीसातून आठ गेले, उरले १२. छत्तीसात बारा म्हणजे ३३ टक्के. गाभ्यात चुका १२, पर्याय आठ. १२ भागिले ७ म्हणजे १.७. उरले १०.३, म्हणजे ४३ टक्के. तपशिलाचे ७५ तसेच राहतात. झालं, चित्र उलटलं. आता सगळ्यात कच्चं ठरलं अनुमान.

या दुरुस्तीवर माझा फार भरवसा नाही. तिच्यामागे एक गृहीत आहे: मुलाला उत्तर तरी येतं, नाहीतर तो सगळ्या पर्यायांत आंधळेपणाने एक निवडतो. खऱ्या परीक्षेत कुणी असा आंधळा नसतो. एखादा पर्याय सहज बाद होतो, दोनांत घोटाळा राहतो आणि जो जास्त ओळखीचा वाटतो त्यावर बोट पडतं. तरी या हिशेबाने एक गोष्ट पक्की होते: वेगवेगळ्या प्रकारच्या प्रश्नांचे टक्के शेजारी ठेवून ‘हा लहान, तो मोठा’ म्हणता येत नाही.

मग तुलना कशाशी करायची? याच प्रश्नांवर इतरांनी काय केलं त्याच्याशी. प्रश्न तेच, पर्याय तेवढेच, त्यामुळे अंदाजपंचेचा लाभही साधारण सारखाच. पण ‘इतर’ म्हणजे अख्खा क्लास नव्हे. तिच्याएवढेच एकूण गुण असलेली मुलं घ्यायची. आठच्या बँडच्या मुलांशी तुलना केली तर ती तिन्ही बाबतींत मागे दिसेल आणि त्यातून निदान काहीच निघणार नाही. समजा क्लासच्या नोंदींत १२० पैकी ७७ च्या आसपास गुण असलेली तीसेक मुलं सापडली आणि त्यांची सरासरी अशी निघाली:

| प्रकार | तिचे | सारख्या गुणांच्या मुलांची सरासरी | फरक |
|---|---|---|---|
| गाभा (२४) | १२ | १६ | −४ |
| तपशील (६०) | ४५ | ४२ | +३ |
| अनुमान (३६) | २० | १९ | +१ |

चित्र परत फिरलं. अनुमानात ती बरोबरीच्या मुलांइतकीच आहे, किंचित पुढेच. ते प्रश्न सगळ्यांनाच जड गेलेत. मागे पडते ती गाभ्यात, तेही चार प्रश्नांनी. ज्या क्लासकडे अशा नोंदी नसतील त्याने प्रकारानुसार कच्चं-पक्कं ठरवण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या टक्क्यांवरून निदान करणं म्हणजे प्रश्न किती अवघड होता ते मोजणं आणि त्याचं खापर मुलावर फोडणं.

आता हे चार प्रश्न किती वजनाचे? तिच्याच तयारीची मुलगी दुसरे कुठलेही २४ मथळे सोडवायला बसली तर दर वेळी नेमके १६ येणार नाहीत. कधी १४, कधी १८. विषय ओळखीचा निघाला, एखादा मथळा सोपा पडला, एवढ्यानेही आकडा हलतो. ही हालचाल मोजता येते. प्रश्नांची संख्या गुणिले बरोबर येण्याचं प्रमाण गुणिले चुकण्याचं प्रमाण आणि त्याचं वर्गमूळ. इथे २४ × ०.६७ × ०.३३ म्हणजे सुमारे ५.३, वर्गमूळ २.३. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. फरक तिच्या दुपटीपेक्षा मोठा असला तर त्याला नशिबाचा खेळ म्हणणं अवघड जातं, असा साधारण शिरस्ता आहे. दुप्पट म्हणजे ४.६. आपला फरक ४. उंबरठ्याच्या अलीकडेच अडकला.

तपशिलातला +३ तर आणखी हलका. तिथे प्रमाण त्रुटी साडेतीनच्या आसपास येते. म्हणजे ‘तपशील पक्का’ हेसुद्धा अजून ठरलेलं नाही. तीन पूर्ण पेपर, तीन तासांची परीक्षा, एवढं होऊन हाती उरला तो एक संशय. तोही बरा म्हणायचा, कारण एकाच पेपरवर हाच हिशेब केला असता तर गाभ्याचे आठच प्रश्न मिळाले असते आणि आठातून काहीही दिसू शकतं.

ही अडचण या मुलीपुरती नाही, ती विषयाच्या मुळातच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक डेव्हिस यांनी १९४४ मध्ये वाचनाची नऊ वेगळी कौशल्यं मोजणारी परीक्षा रचून तिचं विश्लेषण छापलं. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, लुई थर्स्टन यांनी तेच आकडे पुन्हा मांडले आणि दाखवलं की नऊ कशाला, एकच सर्वसाधारण वाचनक्षमता धरली तरी ते आकडे समजावता येतात. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. आपल्याकडचा एक दुवाही त्यात आहे. लँकेस्टर विद्यापीठाचे चार्ल्स आल्डरसन आणि मुंबई विद्यापीठाच्या यास्मीन लुकमानी यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास छापला. मुंबई विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या वाचनपरीक्षेतले प्रश्न जाणत्या शिक्षकांपुढे ठेवून त्यांना विचारलं, यातला कुठला प्रश्न काय तपासतो? बऱ्याच प्रश्नांवर त्यांचं एकमत होईना. शिवाय ‘वरच्या पातळीचे’ म्हणून गणलेले प्रश्न मुलांना जास्त अवघड जातात, असंही दिसलं नाही.

म्हणजे ढीग करतानाच घोळ होऊ शकतो. आपल्या सरांनी ‘बरोबर, चूक, दिलेलं नाही’चे सगळे प्रश्न अनुमानात टाकले. पण ‘बंदी ऑगस्टअखेर संपते’ या विधानाला ‘चूक’ म्हणायला अनुमान कुठे लागतं? ३१ जुलै ही तारीख सापडली की काम झालं, तो तपशीलच आहे. प्रश्नाचा साचा पाहून ढीग करू नयेत. ‘उत्तरासाठी उताऱ्यातली किती वाक्यं एकत्र करावी लागतात आणि काही न लिहिलेलं मनात भरावं लागतं का’ हे दर प्रश्नाला विचारावं. दोन शिक्षकांनी एकमेकांचं न पाहता तसे ढीग करावेत आणि ज्या प्रश्नांवर दोघांचं जुळणार नाही ते सरळ बाजूला ठेवावेत. प्रश्न कमी होतील, पण जे उरतील ते कामाचे असतील.

एक छोटा आकडा इथे सांगायलाच हवा, कारण त्याने भले भले चमकतात. समजा गाभ्याच्या गुणांची विश्वसनीयता ०.७० आहे, अनुमानाचीही ०.७० आहे आणि दोन्हींचा आपसातला सहसंबंध ०.६० आहे. वर्गचाचणीला हे आकडे काही वाईट नाहीत. पण दोन गुणांतल्या *फरकाची* विश्वसनीयता किती? ०.७० मधून ०.६० वजा, भागिले १ वजा ०.६०. उत्तर ०.२५. दोन्ही मोजमापं ठीकठाक असूनही त्यांच्यातल्या फरकात तीन चतुर्थांश भाग नुसता गोंगाट. कारण उघड आहे. दोन्हींत जे समान आहे, म्हणजे एकंदर वाचता येणं, ते वजाबाकीत निघून जातं. दोन्हींच्या चुका मात्र निघून जात नाहीत, त्या एकमेकींत मिळून येतात.

म्हणून आता बरोबर उत्तरं बाजूला ठेवून चुकांकडे पाहायचं. एकूण गुणात जे दडतं ते चुकांच्या जातीत दिसतं. अनुमानाच्या ३६ प्रश्नांचा तक्ता असा मांडा: खरं उत्तर काय होतं आणि तिने काय लिहिलं.

| खरं उत्तर | तिने ‘बरोबर’ लिहिलं | ‘चूक’ लिहिलं | ‘दिलेलं नाही’ लिहिलं | एकूण |
|---|---|---|---|---|
| बरोबर | १० | १ | २ | १३ |
| चूक | २ | ७ | २ | ११ |
| दिलेलं नाही | ७ | २ | ३ | १२ |
| एकूण | १९ | १० | ७ | ३६ |

वरच्या दोन ओळींत २४ पैकी १७ जमले, म्हणजे ७१ टक्के. तिसऱ्या ओळीत बारापैकी तीन. नाणं उडवून... नव्हे, तीन चिठ्ठ्या टाकून एक उचलली असती तरी चार आले असते. म्हणजे ती अंदाज मारत नाहीये. काहीतरी तिला एका बाजूला ओढतंय. खालची बेरीज पाहा. ‘बरोबर’ हे उत्तर १३ ठिकाणी होतं, तिने १९ ठिकाणी लिहिलं. ‘दिलेलं नाही’ १२ ठिकाणी होतं, तिने सातच ठिकाणी लिहिलं. सोळा चुकांतल्या सात एकाच घरात आहेत: उताऱ्यात नसलेलं तिने खरं धरलं. मासळी महागते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे!

अनुमानात कच्चं असण्याचे दोन प्रकार असतात आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एक मूल अनुमान काढतच नाही. उताऱ्यात तोच शब्द दिसला नाही की ‘दिलेलं नाही’ लिहून पुढे जातं. त्याच्या तक्त्यात ‘दिलेलं नाही’चा उभा रकाना फुगतो. दुसरं मूल गरजेपेक्षा जास्त अनुमान काढतं आणि त्याच्या तक्त्यात तोच रकाना रिकामा पडतो. दोघांना ३६ पैकी २० मिळू शकतात. पहिल्याला ‘ओळींच्या मधलं वाच’ असं सांगावं लागतं. दुसऱ्याला तेच सांगितलं तर त्याचं आणखी बिघडेल. ‘अनुमान ५६ टक्के’ या आकड्यात हा भेद मुळीच दिसत नाही.

गाभ्याच्या बारा चुकाही अशाच उलगडायच्या. दर चुकीपुढे एकच नोंद: तिने निवडलेल्या मथळ्यातला एखादा ठळक शब्द त्या परिच्छेदात जसाच्या तसा आहे का? समजा बारापैकी आठ ठिकाणी आहे. ‘माशांच्या विणीचा काळ’ या जातीचे हे मथळे. शब्द दिसला, जुळला, निवडला. एरवी मुलं गाभ्यात चुकतात ती दुसऱ्या कारणानेही: परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचून मथळा लावतात आणि खाली ‘पण’ने सुरू होणाऱ्या वाक्यात विषय वळलाय हे त्यांना कळतच नाही. तेही मोजता येतं. चुकीचा मथळा पहिल्या वाक्याला चिकटतो की मधल्या एखाद्या शब्दाला, एवढंच पाहायचं.

आता तिन्ही गोष्टी एका रेषेत येताना दिसतात. तपशील किंचित वर, गाभा खाली, अनुमानात न लिहिलेलं भरण्याची सवय. तिची पद्धत बहुधा शब्द पकडण्याची आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की तिथे थांबायचं. तपशिलाच्या प्रश्नांना ही पद्धत छान चालते, म्हणून तिथे गुण मिळतात. मथळ्याला ती फसवते. आणि ‘दिलेलं नाही’च्या विधानातले शब्द उताऱ्यात असतातच, नसतो तो फक्त दावा, त्यामुळे तिथेही ती घात करते. हे सगळं अजून ‘बहुधा’च आहे. पण ‘गाभा कच्चा’पेक्षा हा अंदाज जास्त उपयोगाचा, कारण तो तपासून पाहता येतो.

तपासायच्या आधी दोन साधी कारणं बाद करून घ्यायची. पहिलं वेळेचं. पेपर संपल्यावर तिला तीच उत्तरपत्रिका दुसऱ्या रंगाच्या पेनने, घड्याळ न लावता, पुन्हा सोडवू द्यायची. आधी काय बरोबर होतं ते सांगायचं नाही. समजा तपशिलाच्या पंधरा चुकांतल्या नऊ दुरुस्त झाल्या आणि गाभ्याच्या बारांतल्या तीनच. म्हणजे तपशिलात ती कमी पडते ते घाईमुळे. गाभ्यात वेळ देऊनही हाती फार लागत नाही. गाभ्याच्या चुकाही भराभर दुरुस्त झाल्या असत्या, तर मथळ्यांचा सराव व्यर्थ होता, वाचनाचा वेग वाढवायला हवा होता. तिसऱ्या उताऱ्यातलेच प्रश्न जास्त चुकले असतील किंवा कोरे राहिले असतील तर हा संशय सगळ्यात आधी घ्यावा.

दुसरं कारण भाषेचं. चुकलेला परिच्छेद तिला पुन्हा वाचायला द्यायचा, कागद उलटा करायचा आणि म्हणायचं, ‘यात काय म्हटलंय ते मराठीत सांग.’ तिने दोन वाक्यांत नीट सांगितलं आणि तरीही मथळा चुकीचा निवडला, तर परिच्छेद कळलाय, मथळ्याचं इंग्रजी कळलेलं नाही. मथळे त्रोटक असतात आणि त्यांतले नामवाचक शब्द जडच असतात. उलट तिने चार तुटक गोष्टी सांगितल्या, सगळ्या खऱ्या पण एकीचा दुसरीशी मेळ नाही, तर अडचण खरोखर गाभ्याची. याला पाच मिनिटं लागतात आणि माझ्या मते दहा मथळ्यांच्या प्रश्नांपेक्षा यातून जास्त कळतं. मातृभाषेत सांगू दिल्यामुळे बोलण्याची भीती आणि समजण्याची अडचण यांची सरमिसळही टळते.

हे झालं की पक्की चाचणी. ज्या २४ प्रश्नांमुळे संशय आला, त्यांतच नवे प्रश्न मिळवून पुन्हा बेरीज करायची नाही. तीन ढिगांतला सगळ्यात खालचा आपण निवडला आहे आणि जो खाली दिसतो त्यात थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं. नव्या प्रश्नांत तो आकडा आपसूक थोडा वर येतो. त्यामुळेच महिनाभर मथळ्यांचा सराव करून गुण वाढले की सरांना सरावाचा गुण आला असं वाटतं आणि त्यातले काही गुण सराव न करताही येणारच होते. म्हणून निकाल फक्त नव्या प्रश्नांवर लावायचा आणि तोही सराव सुरू करण्यापूर्वी.

समजा नवे ३६ मथळे दिले. तिच्याइतके गुण असलेल्या मुलांची त्यावरची सरासरी २४. तिचे १७ आले. फरक सातचा. प्रमाण त्रुटी म्हणजे ३६ × ०.६७ × ०.३३ चं वर्गमूळ, २.८. सात हे त्याच्या अडीचपट. आता सरांनी ‘गाभा कच्चा’ असं लिहायला हरकत नाही. तिला २० आले असते तर फरक चारचा, दीडपटीच्या थोडा खाली. मग प्रकरण तसंच उघडं ठेवून आणखी मथळे द्यावे लागले असते. आणि २३ आले असते, तर पहिल्या तक्त्यातले ५० टक्के हा योगायोग होता म्हणून विषय मिटवायचा.

सराव कसला द्यायचा हे मात्र ‘गाभा’ या शब्दावरून ठरत नाही, ते त्या आठ चुकांवरून ठरतं. तिला आणखी मथळे नकोत. परिच्छेद वाचल्यावर पर्याय न बघता स्वतःचा मथळा लिहायचा आणि मग यादीतला जवळचा शोधायचा. शब्द पकडायला समोर यादीच नसली की ती सवय चालत नाही. नंतर निवडलेल्या मथळ्यात परिच्छेदातली किती वाक्यं बसतात ते मोजायचं. विणीच्या काळाच्या मथळ्यात वरच्या उताऱ्यातलं एकच वाक्य बसतं.

राहिला ‘दिलेलं नाही’चा हिशेब. बारापैकी तीन, समजा बरोबरीच्या मुलांना सहा. फरक तीनचा, प्रमाण त्रुटी १.७. दुपटीला थोडा कमी पडतो, म्हणजे हाही अजून संशयच. इतका मोठा फरक, २५ टक्क्यांविरुद्ध ५० टक्के, निर्धास्तपणे खरा म्हणायचा तर तीसेक ‘दिलेलं नाही’ हवेत. तीन पेपरांतून आपल्याला बारा मिळाले, पेपरामागे चार. या हिशेबाने सात-आठ पेपर लागतील. तेवढे पेपर सोडवायला महिने जातील, म्हणून बऱ्याच पेपरांतली विधानं वेचून एकत्र करावीत. पण नुसती ‘दिलेलं नाही’ची तीस देऊन चालणार नाही, पाचव्या विधानापर्यंत तिच्या लक्षात येईल आणि मग सगळ्यांपुढे ती तेच लिहील. तिन्ही उत्तरांची तीस-तीस विधानं मिसळून नव्वदांचा संच करावा, तो चार-पाच बैठकींत द्यावा आणि वरचा नऊ घरांचा तक्ता पुन्हा भरावा.